लाल कोबीच्या रसाचे रंग: कोणत्या सामूला कोणतं नाव द्यायचं?

मधलीसुट्टी

मुलांसाठी लाल कोबीचा दर्शक घरी करते आहे. साधारण २०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरायचा, त्यावर उकळून नुकतंच उतरवलेलं अर्धा लिटर पाणी ओतायचं, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं आणि गाळायचं. गडद जांभळा रस मिळतो. इथवर सगळं सुरळीत.

पुढे मला भिंतीवर लावायला एक पट्टी करायची आहे, सामूचा आकडा आणि त्यासमोर रंगाचं नाव अशी. लिंबाच्या रसात लाल, व्हिनेगरमध्ये गुलाबी, शुद्ध पाण्यात जांभळा (तिथे मी ७ लिहिलंय), धुण्याच्या सोड्यात हिरवा, चुन्याच्या निवळीत पोपटी. खाण्याचा सोडा मात्र छळतोय. कधी त्याच्यात रस टाकला की सुरेख निळा होतो, कधी चक्क हिरवा. पुडा तोच, रस तोच. पट्टीवर काय लिहू?

दुसरं म्हणजे मधल्या जांभळ्यांचं काय करायचं? चार मुलं एकाच नळीला चार नावं देतात. पुस्तकात आणि तक्त्यांत जे रंग छापलेले असतात ते तर माझ्या नळ्यांशी जुळतच नाहीत.

गणिती

हिरवा येतो त्या वेळी तुम्ही सोडा जास्त घातलेला असणार. जास्त सोडा म्हणजे जास्त आम्लारी, म्हणजे रंग हिरव्याकडे. चमचा सपाट करून घाला, प्रश्न सुटेल.

पट्टीसाठी सोपी युक्ती सांगतो. सामूचं प्रमाण दसपटीचं आहे. व्हिनेगरचा २.४ धरा. एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी केलं की ३.४, त्यातलं पुन्हा दहापट पातळ केलं की ४.४, मग ५.४. एका बाटलीतून अख्खी आम्ल बाजू तयार. दुसरं काही आणायलाच नको.

सांजवेळ

कोबी शिजवताना निळा पडतो त्याबद्दल विचारताय ना? आमच्याकडेही हाच वैताग होता. थोडं व्हिनेगर किंवा लिंबू सुरुवातीलाच घाला, रंग लालसर राहतो. शेवटी घालून तितका उपयोग होत नाही असा माझा अनुभव.

मधलीसुट्टी

@सांजवेळ, स्वयंपाकाचं नव्हतं हो, पण गोष्ट एकच आहे, त्यामुळे चालेल :)

@गणिती, सोडा मोजून घालून पाहिला. तरीही दोन्ही रंग येतात.

परीक्षानळी

सोड्याच्या मात्रेचा इथे फारसा संबंध नाही. खाण्याच्या सोड्याची गंमतच ही आहे की चिमूटभर घाला नाहीतर दोन चमचे, पाण्याचा सामू ८.३ च्या आसपासच राहतो. हा सोडा आम्लाशीही झगडतो आणि आम्लारीशीही, त्यामुळे मात्रा बदलली तरी आकडा जागचा फार हलत नाही. म्हणूनच पट्टीवर खुंटा ठोकायला तो चांगला. गणितींचा तर्क धुण्याच्या सोड्याला लागू पडेल, इथे नाही.

माझा प्रश्न वेगळा. हिरवा आला त्या वेळी सोडा कोणत्या पाण्यात विरघळवला होता? गार की गरम? आणि रस टाकेपर्यंत द्रावण किती वेळ उघडं होतं?

मधलीसुट्टी

गार पाण्यात लवकर विरघळत नाही म्हणून बऱ्याचदा उकळत्या पाण्यात घालते. कधी घाई असली की तसाच गार पाण्यात ढवळते. याचा संबंध आहे?

परीक्षानळी

आहे, आणि नेमका तोच आहे.

खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाला उष्णता दिली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेल्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. म्हणजे पुड्यावर खाण्याचा सोडा लिहिलेलं असलं तरी नळीत दोघांचं मिश्रण असतं, आणि त्याचा सामू सहज साडेनऊच्या वर जातो. कोबीच्या रसाला ८.३ वर निळं दिसायचं असतं आणि १० कडे जाता जाता हिरवट व्हायचं असतं. म्हणजे तुमच्या दोन्ही नळ्या खरंच सांगत होत्या, फक्त त्यांच्यात दोन वेगळे पदार्थ होते.

पडताळा सोपा आहे. गार पाण्यात सोडा विरघळवून अर्धं द्रावण बाजूला ठेवा. उरलेलं अर्धं दहा मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार होऊ देणं महत्त्वाचं, कारण गरम आम्लारीत कोबीचा रंगच खराब होतो. मग दोन्हींत सारखा रस टाका, १० मिलीला १ मिली, म्हणजे साधारण वीस थेंब. आता उकळलेल्या नळीत स्ट्रॉने हळूहळू फुंका. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड परत गेला की हिरवा रंग निळ्याकडे सरकायला हवा. सरकला तर कारण सापडलं असं समजा.

निवांत

मध्येच विचारतो. माझ्या बागेतल्या मातीचा सामू या रसाने कळेल का? एका कोपऱ्यात झाडं पिवळी पडताहेत. रस थेट मातीवर ओतला तर सगळं तपकिरीच दिसलं.

परीक्षानळी

@निवांत, मातीवर ओतून काही दिसणार नाही. एक भाग माती, दोन भाग शुद्ध पाणी, चांगलं हलवून तासभर स्थिर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून त्यात रस टाका. गुलाबीकडे झुकला तर माती बरीच आम्लधर्मी, निळा-हिरवट झाला तर आम्लारिधर्मी. मधले जांभळे आले तर त्यावरून काहीही ठरवू नका. साडेपाच आणि साडेसहा यांत बागेला फार फरक पडतो, पण या रसाला तो नीट दाखवता येत नाही. चिकणमातीचं पाणी निवळतच नाही, तिथे तर प्रयत्नही नको.

मधलीसुट्टी

केलं! गार द्रावणातला रस स्वच्छ निळा, उन्हाकडे धरलं तर कडेला किंचित जांभळी झाक. उकळलेल्यात हिरवा, पण धुण्याच्या सोड्याइतका नाही, मोरपंखी म्हणावा असा. मग पोरांनी फुंकायला घेतलं. सुरुवातीला काहीच होईना. मग स्ट्रॉच्या टोकापाशी, जिथे बुडबुडे येतात तिथे, निळसर ढग दिसायला लागला. तो वर जाऊन विरून जायचा आणि थोड्या वेळाने सगळी नळीच निळी झाली. आणखी फुंकल्यावर जांभळटपणाही यायला लागला होता, पण तोवर सगळ्यांची दमछाक झाली.

तर मग पट्टीवर ‘खाण्याचा सोडा, गार पाण्यात’ असं लिहावं लागेल.

परीक्षानळी

अगदी. आणि ताजा. झाकण न लावता दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेलं द्रावणही हळूहळू वर सरकतं.

आता गणितींच्या पातळ करण्याकडे येतो, कारण ती कल्पना बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. दहापट पातळ केलं की सामू एकाने वाढतो हे हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लाला बरोबर. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. त्याचे बहुतेक रेणू अजून फुटलेलेच नसतात, आणि पाणी घातलं की त्यातले आणखी थोडे फुटतात. परिणामी दहापट पातळ केल्यावर सामू अर्ध्यानेच वर जातो. ५ टक्क्यांचं व्हिनेगर २.४, दहापट पातळ २.९, शंभरपट ३.४. तुम्ही ज्याला ४.४ म्हणाल ते प्रत्यक्षात ३.४ असेल, आणि मुलं गुलाबी रंगाला चुकीच्या आकड्याखाली लिहितील.

गणिती

अच्छा, म्हणजे मी पट्टी ताणली. पण मग हजारपट, दहा हजारपट करत गेलं तर कधीतरी ५ येईलच की. तेवढं पाणी आहे आपल्याकडे.

परीक्षानळी

कागदावर येईल. नळीत ज्याला ५ म्हणाल त्यात आम्ल इतकं कमी उरलेलं असेल की तुम्ही टाकलेला १ मिली रसच त्याला भारी पडेल. कोबीच्या रसात स्वतःची आम्लं आहेत, क्षार आहेत, त्याचा स्वतःचा सामू साधारण सहाच्या पुढेमागे असतो. द्रावणात दम नसेल तर दिसणारा रंग द्रावणाचा नसतो, रसाचा असतो.

याच कारणाने @मधलीसुट्टी, तुमचं ‘शुद्ध पाणी म्हणजे ७’ हे पट्टीवरून काढा. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साडेपाच-सहापर्यंत उतरलेलं असतं, आणि त्यात स्वतःचा रंग ठरवण्याची ताकद नसते. तिथे तुम्हाला दिसलेला जांभळा म्हणजे पातळ केलेला कोबीचा रस, बाकी काही नाही. पावसाच्या पाण्याचंही तसंच.

मधलीसुट्टी

मग मधले आकडे आणायचे कुठून? ३.४ पासून थेट ८.३ वर उडी मारायची?

परीक्षानळी

असे पदार्थ घ्यायचे जे आपला आकडा सोडत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना बफर म्हणतात, पण त्यातले दोन घरीही होतात.

पहिला व्हिनेगरचाच. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमध्ये ५ ग्रॅम आम्ल असतं आणि ते पूर्ण मारायला ७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. आपण बरोबर निम्मा, म्हणजे साडेतीन ग्रॅम घालायचा. अर्धं आम्ल शिल्लक, अर्ध्याचं मीठ झालेलं, अशा मिश्रणाचा सामू ४.७ च्या जवळ बसतो. यात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही, हाच त्याचा फायदा. मोठ्या भांड्यात करा, फेस वर येतो. बुडबुडे पूर्ण थांबले की मगच वापरा. बाटलीवर व्हिनेगर किती टक्के आहे ते आधी वाचा. ४ टक्के असेल तर सोडा २.८ ग्रॅम.

दुसरा १० चा. एक लिटर पाण्यात ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि १०.६ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा. यातला ‘कोरडा’ शब्द महत्त्वाचा आहे. स्फटिकासारखा मिळतो त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, आणि पुड्यातल्या भुकटीत काय काय असतं ते सांगता येत नाही. म्हणून मी तो खाण्याच्या सोड्यापासूनच करायला सांगेन. १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचा. पाणी आणि वायू निघून गेल्यावर १०.६ ग्रॅम उरतो. झाला की नाही हे वजनच सांगतं. १२ ग्रॅम भरला तर अजून ठेवा, दोनदा तोलून वजन तेच आलं की थांबा. फक्त तो डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हात लगेच धुवा, तो आता खाण्याचा राहिलेला नाही.

सांजवेळ

ॲल्युमिनियमची ताटली चालेल का? ओव्हनमध्ये माझ्याकडे तीच बसते.

परीक्षानळी

नको. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो. आणि कोबीचा रसही ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात काढू नका. धातूचे अंश या रंगद्रव्याला धरून बसतात आणि सामू न बदलताच रंग निळ्याकडे ओढतात. २०२१ मध्ये लाल कोबीतलं एक रंगद्रव्य वेगळं काढून, त्याला ॲल्युमिनियमची जोड देऊन खाद्यपदार्थांसाठी निळा रंग केल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं. त्यांना जे हवं होतं तेच आपल्याला नको आहे. रस काच किंवा स्टीलमध्ये, आणि शक्य तर शुद्ध पाण्यात. जड पाण्यात काढलेला रस मुळातच निळसर येतो.

रंगरेषा

मी रसायनवाली नाही, चित्रं काढते. नावांबद्दल बोलते. चार मुलं चार नावं देतात कारण चौघं नळी चार ठिकाणी धरून बघत असणार. पिवळ्या दिव्याखाली जांभळा लालसर दिसतो, ढगाळ खिडकीपाशी तोच निळसर. सगळ्या नळ्या सारख्या जाडीच्या, सारख्या भरलेल्या, मागे पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

रसही गडद नको. गडद रसात सगळे मधले रंग ‘काळपट जांभळा’ या एकाच नावाखाली जातात. नळीमागे ठेवलेलं पेन्सिलचं अक्षर वाचता यायला हवं, इतपत फिका.

आणि नाव देण्याआधी शेजारी ठेवून बघा. डोळ्याला एकटा रंग ओळखता येत नाही, पण दोन रंगांतला फरक कळतो. ‘हा जांभळा आहे का?’ असं विचारू नका. ‘हा सोड्याच्या नळीजवळचा की व्हिनेगरजवळचा?’ असं विचारा.

मधलीसुट्टी

हे फार उपयोगी पडेल. आमच्या घरात पिवळाच दिवा आहे.

लिंबू व्हिनेगरपेक्षा लाल दिसतं, ते मात्र पांढऱ्या कागदावरही तसंच आहे. म्हणजे लिंबू जास्त आंबट ना?

परीक्षानळी

सामूत दोघांत फार फरक नसतो, दोन्ही २ ते २.५ च्या आसपास. लिंबाच्या रसाचा स्वतःचा पिवळसर गढूळपणा गुलाबीत मिसळला की डोळ्याला तो लाल वाटतो. बघायचं असेल तर एका नळीत नुसतं पाणी घातलेलं लिंबू ठेवून तिच्यातून व्हिनेगरच्या गुलाबी नळीकडे बघा. रंगीत नमुन्यांची ही अडचण कायमची आहे. पट्टीसाठी पाण्यासारखे नितळ पदार्थच घ्या. लिंबाऐवजी लिंबूसत्व पाण्यात विरघळवलं तर उत्तम.

सहजच

मी दोन पोस्टींपुरता आलोय. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. शाळेत लिटमसला मी नेहमी शेजाऱ्याच्या वहीत बघायचो. हा रस करून बघितला तर गंमत म्हणजे गुलाबी आणि निळा मला अगदी वेगळे दिसतात, पण मधला जांभळा निळ्यात जातो आणि धुण्याच्या सोड्याचा हिरवा मला राखाडीसारखा वाटतो. वर्गात असं एखादं मूल असतंच. तक्त्यावर नुसती नावं असतील तर ते गप्प बसेल.

रंगरेषा

@सहजच, म्हणूनच नमुन्याच्या नळ्या तक्त्यासमोर ठेवाव्यात. नाव माहीत नसलं तरी ‘तिसरीसारखी’ म्हणता येतं.

सहजच

तिसरीसारखी की चौथीसारखी हेच तर कळत नाही :) पण गडद-फिका कळतो. जांभळ्यापासून गुलाबीकडे जाताना मध्ये कुठेतरी रस फिका पडतो असं मला वाटलं. तो भास की खरं?

परीक्षानळी

खरं आहे, आणि ते ज्यांना सगळे रंग दिसतात त्यांच्या लक्षातच येत नाही. हे रंगद्रव्य, अँथोसायनिन, तीव्र आम्लात एका लाल रूपात असतं. सामू चार-पाचकडे आला की त्यातला काही भाग पाण्याचा रेणू जोडून घेतो आणि रंगहीन होतो. पुढे सहा-सातकडे जांभळं-निळं रूप वाढतं आणि रंग परत भरतो. कोबीतल्या रंगद्रव्याला जोडलेले काही गट त्याला बऱ्यापैकी सांभाळतात म्हणून ते पार पांढरं पडत नाही, पण ४.७ ची नळी २.४ च्या नळीपेक्षा फिकी दिसते.

हिरव्याचंही असंच. हिरवं असं वेगळं रूप नसतंच. निळं रूप अजून शिल्लक असतं आणि काही रेणूंचं कडं उघडून पिवळं रूप तयार झालेलं असतं. दोन्ही एकत्र म्हणजे आपल्याला हिरवं. १२ च्या पुढे निळं संपत जातं आणि पिवळं उरतं. म्हणून चुन्याच्या निवळीतली नळी बघता बघता पोपटीकडून पिवळी होते. सामू तिथेच असतो, रंगद्रव्य मोडत असतं. अशा नळीत लगेच व्हिनेगर टाकलं तर गुलाबी परत येतो. तीच नळी बराच वेळ ठेवून मग टाकलं तर मळकट फिका गुलाबी येतो किंवा येतही नाही. दोन्ही करून बघा, शेजारी शेजारी. पट्टीवर ११ च्या पुढचे रंग रस टाकल्यापासून एका मिनिटाच्या आत बघायचे असं लिहून ठेवा.

गणिती

मी फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये टाकून बघितलं. आधी क्षणभर हिरवट आणि मग एकदम पाणी! सामू १४ ला रंग नाहीसा होतो असं लिहायचं का?

परीक्षानळी

नाही. ब्लीचने रंगद्रव्यच जाळलं, त्याचा सामूशी संबंध नाही. व्हिनेगर टाकून रंग परत येतो का हे बघण्याचा मोह होईल, तो टाळा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मुलांच्या टेबलावर ब्लीच नकोच.

मधलीसुट्टी

आतापर्यंतचं सगळं धरून अशी मांडणी करते आहे, बघा बरं. पाण्यातलं लिंबूसत्व, दोनच्या जवळ: लाल. व्हिनेगर, २.४: राणी. शंभरपट पातळ व्हिनेगर, ३.४: गुलाबी. अर्धं मारलेलं व्हिनेगर, ४.७: फिका जांभळट गुलाबी. मग मोकळी जागा. गार सोडा, ८.३: निळा. दोन सोड्यांचं मिश्रण, १०: मोरपंखी. नुसता भाजलेला सोडा, ११ च्या थोडं पुढे: हिरवा. चुन्याची निवळी, १२.४: पोपटी, एका मिनिटाच्या आत.

रंगरेषा

राणी आणि लाल मुलांना वेगळे दिसतील का? माझ्या मते तिथे एकच नाव ठेवा. आणि मोरपंखी प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. ‘हिरवट निळा’ म्हटलं तर निदान दिशा तरी कळते.

परीक्षानळी

मांडणी ठीक. राणी आणि लाल एक करा, मीही तेच म्हणेन. २ आणि २.४ वेगळे सांगण्याइतका हा रस बारीक नाही. साधारण एका अंकापर्यंत पोचतो, मध्यभागी तेवढाही नाही.

मोकळ्या जागेसाठी मात्र घरातलं काही सुचत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत डायसोडियम फॉस्फेट असेल तर मार्ग आहे. १०० मिलीत २.८४ ग्रॅम कोरडं फॉस्फेट, दुसऱ्या १०० मिलीत २.१० ग्रॅम स्फटिकी सायट्रिक आम्ल. पहिल्यातलं १२.६ मिली आणि दुसऱ्यातलं ७.४ मिली घेतलं की सामू ६. १६.५ आणि ३.५ घेतलं की ७. हे दोन्ही आकडा धरून ठेवतात, १ मिली रसाने हलत नाहीत.

मधलीसुट्टी

शाळेतून फॉस्फेट मिळालं. ६ ची नळी जांभळी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ७ ची जांभळी आणि निळी यांच्या मधली. एकटी बघितली तर मुलं जांभळी म्हणतात, ६ च्या शेजारी ठेवली की निळी म्हणतात, ८.३ च्या शेजारी ठेवली की पुन्हा जांभळी.

रंगरेषा

मग ‘निळसर जांभळा’.

गणिती

‘जांभळट निळा’ का नाही? शेवटचा शब्द मुख्य असतो, आणि मला तो निळाच वाटतो. आम्ही दोघांनी बघितला, दोघांनाही निळाच.

परीक्षानळी

तुम्ही तुमच्या कोबीचा बघितला असेल. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वयाच्या कोबीत रंगद्रव्यांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, आणि त्याचा परिणाम इथेच, सहा ते आठमध्ये, जास्त जाणवतो. छापील तक्ते जुळत नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे. प्रत्येक नव्या रसाबरोबर नमुन्याच्या नळ्या नव्याने करा.

सांजवेळ

रस टिकवायचा कसा हे कुणी सांगेल का? फ्रिजमध्ये ठेवला तर काही दिवसांत वासाने फ्रिज उघडवत नाही.

परीक्षानळी

बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तेवढे खडे काढा. नाहीतर गाळणकागद रसात भिजवून सावलीत वाळवा, पट्ट्या कापून बंद डबीत ठेवा. पट्टीवर टोकाचे रंग बरे दिसतात, मधले मात्र कागदच बिघडवतो. बऱ्याच कागदांत खडूची पूड असते, तिच्यामुळे न भिजवलेली पट्टीही निळसर दिसते. म्हणून वहीचा कागद नको.

सहजच

अल्कोहोलमध्ये काढलेला रस जास्त टिकतो असं वाचलं होतं.

परीक्षानळी

कुजत नाही हे खरं. पण अल्कोहोलमधला रंग पाण्यातल्या रंगाशी तंतोतंत जुळतो का, याबद्दल मी पैज लावणार नाही. थेंबभर रस बऱ्याच पाण्यात जात असेल तर फरक पडू नये. कुणी ४.७ आणि ७ च्या नळ्यांत दोन्ही रस शेजारी लावून बघितले तर इथे लिहा.

मधलीसुट्टी

बघते. ७ साठी तूर्तास मुलांच्या मतदानात ‘निळसर जांभळा’ जिंकलाय, पण एकाने कंसात ‘माझ्या मते निळा’ असं लिहायला लावलंय.